बाल्कनीचा लेआउट एकदा बघून सांगा, मदत हवी आहे

बाल्कनी पूर्वेला, ८ बाय ४ फूट, पुढे तीन फुटी भरीव कठडा. ऊन सकाळी साधारण ७ ते ११, पण कठड्याला लागून जमिनीवर जवळजवळ सावलीच असते, कारण ऊन खाली येईपर्यंत ते वरच्या स्लॅबमुळे कापलं जातं. म्हणजे खरं ऊन कठड्याच्या उंचीला मिळतं, जमिनीवर नाही.

आता घोळ असा की घरातून बघताना उंच झाडं मागे म्हणजे कठड्याला आणि बुटकी पुढे छान दिसतात, पण जास्वंदांची रांग तिथे लावली तर आतल्या तुळस-पुदिन्याचं ऊन अडतं. म्हणून असं ठरवतेय: दोन्ही कोपऱ्यांत एकेक जास्वंद छाटून चार फुटांवर ठेवायची, मध्ये दोन फुटी स्टँडवर मोगरा, तुळस, पुदिना आणि स्टँडखाली सावलीत स्नेक प्लांट. कुंड्या सगळ्या एकाच रंगाच्या, नाहीतर एवढ्याशा जागेत फार गिचमिड दिसतं.

मोगऱ्याला चार तास ऊन पुरेल का, की नुसती पानंच वाढतील? आणि दोन्ही टोकं उंच, मध्ये सपाट, हे बरं दिसेल की एकच कोपरा उंच ठेवून पुढे उतरत नेऊ?