शब्दचर्चा : चिकटवलेल्या सहीला ‘डिजिटल स्वाक्षरी’ म्हणावे का?

मुद्रितशोधक

एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यपुस्तिकेचा मजकूर तपासताना ‘सचिवांच्या डिजिटल स्वाक्षरीने पाठविलेले पत्र’ असा उल्लेख वारंवार आढळला. चौकशीअंती असे कळले की सचिवांनी एकदा कोऱ्या कागदावर सही केली, ती स्कॅन करून ठेवली, आणि कार्यालयातील लिपिक तेच चित्र प्रत्येक पत्राखाली चिकटवतात. या सहीला ‘डिजिटल स्वाक्षरी’ म्हणणे योग्य आहे का? नसल्यास कोणता शब्द योजावा?

रंकाळा

मला तरी यात काही गैर दिसत नाही. सही संगणकात गेली की ती डिजिटल झाली. जसा डिजिटल फोटो, तशी डिजिटल सही. फरक असलाच तर इतकाच की पेनड्राइव्हसारखे टोकन संगणकाला लावून केलेल्या स्वाक्षरीचा दस्तऐवज कुलूपबंद होतो आणि त्यात कोणालाही बदल करता येत नाही, तर चिकटवलेल्या सहीच्या पत्रात तो करता येतो.

जुना संगणकवाला

रंकाळा यांचे शेवटचे वाक्य बऱ्याच जणांच्या तोंडी असते, पण ते अर्धेच खरे आहे. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या पीडीएफमध्येही बदल करता येतो. तो लपवता मात्र येत नाही.

समजा, सचिवांनी एका सभासदाला 12,500 रुपयांच्या थकबाकीचे पत्र टोकन लावून स्वाक्षरित केले. त्या वेळी संगणक फाइलीतील संपूर्ण मजकुरावरून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतो आणि टोकनमध्ये असलेल्या, बाहेर न निघणाऱ्या खासगी किल्लीने त्यावर प्रक्रिया करतो. त्यातून जे निघते तीच स्वाक्षरी होय. पत्र उघडणाऱ्याचे सॉफ्टवेअर तोच आकडा नव्याने काढते आणि स्वाक्षरीसोबतच्या ओळखीच्या प्रमाणपत्रातील, त्या किल्लीच्या जोडीच्या सार्वजनिक किल्लीच्या साह्याने स्वाक्षरीशी ताडून पाहते. कोणी 12,500 चे 72,500 केले तर एका अंकाच्या फरकाने तो आकडा पुरता बदलतो आणि ताळा जमत नाही. ही स्वाक्षरी उचलून दुसऱ्या पत्राखाली लावताही येत नाही, कारण ती त्या एकाच मजकुराची असते.

चिकटवलेल्या चित्राचा वरच्या मजकुराशी असा कोणताच संबंध नसतो. 12,500 असो की 72,500, चित्र तेच राहते, आणि ज्या सभासदाला पत्र मिळाले त्याच्याकडेही ते आपोआप पोहोचलेले असते. उद्या त्याने ते स्वतःच तयार केलेल्या ना-हरकत दाखल्याखाली लावले तर निव्वळ चित्र पाहून खरेखोटे करता येणार नाही. कागदावरच्या सहीत हस्ताक्षरतज्ज्ञ पेनाचा दाब, शाई, कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली हे तपासतो. स्कॅनमध्ये यातले बहुतेक हरवते. उलट दहा पत्रांवरच्या सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तर ती सही चिकटवलेली आहे एवढे नक्की ठरते, कारण हाताने दोनदा अगदी सारखी सही कोणाचीच होत नाही.

शब्दापुरते बोलायचे तर 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 3 मध्ये हीच किल्ल्यांची पद्धत ‘डिजिटल स्वाक्षरी’ म्हणून आलेली आहे. पुढे कलम 3अ ने ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ हा अधिक व्यापक शब्द आणला, पण त्यातही दुसऱ्या अनुसूचीत नमूद केलेल्याच पद्धती बसतात. आधारवर आधारित ई-साइन तिथे आहे. सहीचे छायाचित्र नाही, म्हणून त्याला ‘सहीची प्रतिमा’ म्हणावे.

बागायतदार

मी महाभूमीवरून पैसे भरून डिजिटल स्वाक्षरित सातबारा काढला, तर स्वाक्षरीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह आणि `Signature Not Verified` असे आले. तसाच छापून बँकेत नेला, तर अधिकाऱ्यांनी सही खोटी आहे म्हणून परत केला. हिरवी खूण आणायची कशी, एवढे कोणी सांगेल का?

जुना संगणकवाला

मूळ प्रश्न शब्दाचा आहे, परंतु आपली अडचण त्याच्याशी निगडित आहे म्हणून लिहितो. ते प्रश्नचिन्ह सही खोटी असल्याचे सांगत नाही. अडोबी रीडरमध्ये स्वाक्षरीवर क्लिक करून तपशील उघडा. तिथे दोन वेगळ्या गोष्टी दिसतील. मजकूर बदललेला नाही, ही पहिली. आणि स्वाक्षरी करणाऱ्याची ओळख आपल्या संगणकाच्या विश्वासू यादीत नाही, ही दुसरी. भारतातील प्रमाणपत्रांची साखळी प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांच्या, म्हणजे सर्टिफाइंग अथॉरिटींच्या, सरकारी नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत जाते. ते मूळ प्रमाणपत्र नियंत्रकांच्या संकेतस्थळावरून घेऊन यादीत घातले की खूण हिरवी होते.

बहुतेक सायबर कॅफेंत मात्र फाइलीसोबत आलेलेच प्रमाणपत्र ‘विश्वासू’ म्हणून नोंदवून मोकळे होतात. हे धोक्याचे आहे, कारण घरी बसून कोणाच्याही नावाचे प्रमाणपत्र बनवता येते, आणि तसे केल्यास त्यालाही तितकीच हिरवीगार खूण मिळेल.

आता छापील प्रतीविषयी. कागदावर उतरते ते स्वाक्षरीचे फक्त दर्शनी चित्र. तपासण्यासारखी स्वाक्षरी फाइलीतच राहते. म्हणजे छापलेली हिरवी खूणसुद्धा काही सिद्ध करत नाही. बँकेने सातबाऱ्यावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहावा, हा सरळ मार्ग.

ताळेबंद

वरचे सगळे मान्य, पण एक अडते. मी लेखापरीक्षकांच्या कार्यालयात काम करतो. आमच्या कपाटात कित्येक अशिलांची टोकने नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेली आहेत आणि प्रत्येकाचा पिन त्याच चिठ्ठीवर आहे. विवरणपत्रावर ‘संचालकांनी स्वाक्षरी केली’ असे दिसते, तेव्हा प्रत्यक्षात पिन आमच्यापैकी कोणीतरी टाकलेला असतो. मग सिद्ध काय झाले? त्या टोकनातली किल्ली वापरली गेली, इतकेच. वेळेचेही तसेच. स्वतंत्र कालमुद्रा घेतली नसेल तर स्वाक्षरीवरची वेळ संगणकाच्या घड्याळातून येते, आणि घड्याळ कोणालाही मागे करता येते.

जुना संगणकवाला

आपला मुद्दा बरोबर आहे. माणूस आणि किल्ली यांतले अंतर गणिताने भरून निघत नाही. पण टोकन दुसऱ्याकडे दिल्याची जबाबदारी मालकावरच येते, हे आपल्या अशिलांना कोणी सांगितले आहे का?

पक्षकार

वकिली करते म्हणून एक सावधगिरीची सूचना. चिकटवलेल्या सहीला ‘अवैध’ असे पुस्तिकेत लिहू नये. ‘होय, पत्र मीच पाठवले’ असे सचिवांनी म्हटले, ईमेल संस्थेच्याच पत्त्यावरून गेलेला असला आणि सभेच्या इतिवृत्तात तसा ठराव असला, तर ते पत्र पुराव्यात टिकू शकते. फरक सिद्ध कोणी करायचे याचा आहे. सुरक्षित इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीच्या बाबतीत न्यायालय काही गोष्टी गृहीत धरते आणि त्या खोडून काढणे समोरच्याचे काम असते. चित्राच्या बाबतीत असे काहीही गृहीत धरले जात नाही. मृत्युपत्रावर मात्र यातले काहीच चालत नाही. ते कागदावर, साक्षीदारांसमक्षच.

रंकाळा

ठीक आहे, ‘डिजिटल स्वाक्षरी’ मागे घेतो. पण ‘सहीची प्रतिमा’ हा शब्द कोणता सभासद वापरणार आहे? ‘स्कॅन केलेली सही’ हेच लोकांच्या तोंडी बसलेले आहे.

मुद्रितशोधक

बोलण्यात ते चालेल. पुस्तिकेत मी तूर्त ‘सचिवांच्या स्कॅन केलेल्या सहीचे पत्र’ असे घालतो आहे. वसुलीच्या नोटिसांपुरते टोकन घ्यावे असे सचिवांचे मत आहे, परंतु ते लिपिकाच्या खणात ठेवायला खजिनदारांचा विरोध आहे, आणि ताळेबंद यांचे म्हणणे वाचल्यावर मला तो अनाठायी वाटत नाही. त्या परिच्छेदाची जागा सभा होईपर्यंत रिकामी ठेवली आहे.