एपीटीटी असताना अँटी-टेन-ए कशाला? (धागा जरा तापलाय, सांभाळून वाचा)

निपाणी_मेडिकलवाला: हेपॅरिनच्या, म्हणजे गुठळी रोखणाऱ्या औषधाच्या ड्रिपवरचा पेशंट आमच्याकडं वर्षानुवर्षं एपीटीटीवरच, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात त्या टेस्टवरच सांभाळतात. नॉर्मलच्या दीड ते अडीच पट आलं की झालं. आता बेळगावात जो तो अँटी-टेन-ए लिहायलाय, म्हणे रक्तात हेपॅरिनचं काम किती चाललंय ते थेट मोजते. महाग टेस्ट, सँपल बाहेर जाणार, रिपोर्ट उशिरा. बिल वाढवायचे धंदे, दुसरं काय. पटत नसेल त्यानं सांगावं.

टिळकवाडी_लॅब: पटत नाही, म्हणून सांगतो, आणि जरा लांबलचक सांगतो कारण "धंदे" हा शब्द झोंबलाय.

फुफ्फुसात गुठळी झालेला पेशंट, वजन ६० किलो. सुरुवातीचा एपीटीटी २४ सेकंद, म्हणजे नॉर्मलच्याही खाली, पण त्याकडं कुणी बघितलं नाही. किलोला ८० युनिटनं ४८०० चा बोलस, म्हणजे एकदम द्यायचा डोस, आणि १८ नं ताशी १०८० ची ड्रिप, सगळं नियमाप्रमाणं. ६ तासांनी एपीटीटी ४०. चार्ट म्हणतो कमी आहे, अर्धा बोलस द्या आणि किलोमागं २ वाढवा, म्हणजे ताशी १२००. परत ६ तासांनी ४१. परत बोलस, १३२०. मग ४२, मग ४३, असं करत ड्रिप १५६० वर, म्हणजे दिवसाला ३७ हजारांच्या वर हेपॅरिन, आणि सुईच्या जागी हातावर हा एवढा काळानिळा डाग. तेव्हा कुठं त्याच ट्यूबवर अँटी-टेन-ए लावली तर ०.६४. पाहिजे ०.३ ते ०.७. म्हणजे हेपॅरिन पुरेसं होतं आणि चार्ट अजून वाढवा म्हणत होता.

कारण काय, तर आजारात फॅक्टर आठ हा रक्त गोठवणारा घटक चढतो आणि तो एपीटीटीला खाली ओढतो. एपीटीटी सगळ्या साखळीचा वेळ मोजते, एकट्या हेपॅरिनचा नाही. ड्रिप आहे तिथंच ठेवली, पुढं वाढवली नाही. आता सांगा, बिल कुणाचं वाढलं?

खानापूर_फिजिशियन: केस छान रंगवली, पण एक शंका. सँपल उशिरा स्पिन झालं तरी एपीटीटी खोटा कमी येतो. प्लेटलेटमधून पीएफ४ नावाचं प्रथिन सुटतं आणि ट्यूबमधलंच हेपॅरिन बांधून टाकतं. फॅक्टर आठच होता हे कशावरून? आमच्याकडून बेळगावला सँपल येईपर्यंत काय काय होतं ते मी बघतो रोज.

टिळकवाडी_लॅब: चांगला प्रश्न, पण उत्तर त्याच केसमध्ये आहे. पीएफ४ नं हेपॅरिन खाल्लं असतं तर अँटी-टेन-ए पण खाली आली असती, ट्यूब एकच ना. एक खाली आणि एक बरोबर, म्हणजे घोळ हेपॅरिनमध्ये नाही, पेशंटच्या रक्तात आहे. वर सुरुवातीचेच २४ सेकंद. दोन्ही खाली आले असते तर मात्र मी पहिल्यांदा विचारलं असतं, सँपल कधी काढलं आणि कधी फिरवलं. ते चोख निघालं तर ड्रिप खरंच नीट जाते का ते बघायचं, आणि मग अँटीथ्रॉम्बिन, रक्तातलं ज्याच्या जोरावर हेपॅरिन चालतं ते.

निपाणी_मेडिकलवाला: हां, आता आलात मुद्द्यावर! तासाभरात फिरवायचं म्हणता ना? आमच्याकडं रात्री सेंट्रीफ्यूजला कोण बसलंय? सँपल वडापनं जातंय, ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर, उन्हात, तवंदी घाटात अर्धा तास ट्रक बंद पडलेला. मग रिपोर्टला कसली किंमत. आणि कोल्हापूर आम्हाला जवळ, पण तिकडं नेलं तर कार्ड चालत नाही म्हणतात, इकडं आणलं तर भाषा चालत नाही. दोन्हीकडून आम्हीच मार खायचा!

चिकोडी_टेक्निशियन: कार्डाचं रडगाणं दुसऱ्या धाग्यावर घ्या ओ मालक. वडापचं मात्र खरंय. आणि उशिराचं सगळे बोलतात, अर्ध्या ट्यूबचं कोण बोलत नाही. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं सायट्रेट ठरलेलं असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. शीर सापडली नाही म्हणून अर्धीच भरून पाठवतात. मग सायट्रेट जास्त होतं, एपीटीटी खोटा लांबतो, आणि वॉर्डात बिनधास्त ड्रिप कमी करतात. वर ज्या हाताला ड्रिप त्याच हातातून सँपल काढतात! आम्ही रिजेक्ट केलं की सिस्टर फोनवर ओरडणार.

गोवावेस_सिस्टर: ओरडणार नाही तर काय. रात्री तीन वाजता चौथ्यांदा टोचायचं आम्हीच. तुम्ही एसीत बसून "रिजेक्ट" लिहिता. एकदा वॉर्डात येऊन सत्तर वर्षांच्या आजीची शीर शोधून दाखवा, मग बोला.

चिकोडी_टेक्निशियन: एसी? आमचा पंखा बंद आहे ताई.

चंदगडची_सून: मध्येच विचारते, राग मानू नका. माझी नणंद सहा महिन्यांची गरोदर, पायात गुठळी झाली म्हणून पोटात एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन घेते, सकाळ-संध्याकाळ. कुणीतरी एपीटीटी केली, ३१ आली, एकदम नॉर्मल. सासूबाई म्हणायल्यात इंजेक्शन बोगस आहे. डोस वाढवायचा का?

खानापूर_फिजिशियन: वाढवू नका. त्या इंजेक्शनला कसलीच टेस्ट लागत नाही, वजनावर डोस दिला की विषय संपला. एपीटीटी करणाऱ्यालाच विचारा का केली.

टिळकवाडी_लॅब: पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर. दुसरं अर्धंच, डॉक्टरसाहेब. त्या इंजेक्शनचे रेणू आखूड, थ्रॉम्बिनला धरायला पुरत नाहीत, ते मुख्यतः टेन-ए या दुसऱ्या गोठवणाऱ्या घटकावर काम करतात. म्हणून एपीटीटी हलत नाही. वहिनी, ३१ म्हणजे इंजेक्शन बोगस नाही, टेस्ट चुकीची लावली. पण "कधीच नाही" कसं म्हणता? गरोदरपणात वजन आणि किडनीची गती दोन्ही बदलतात. किडनी अधू असेल तर औषध साठतं. फारच जाड किंवा फारच किरकोळ माणूस असेल तर वजनाच्या हिशोबावर किती विसंबायचं?

खानापूर_फिजिशियन: किडनीचं मान्य, क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर डोसच दिवसातून एकदा करतो मी, टेस्टची वाट बघत नाही. गरोदरपणात अँटी-टेन-ए बघून डोस हलवल्यानं गुठळ्या किंवा रक्तस्राव कमी झाला असा ठोस पुरावा दाखवा, मग बोलू. आकडा सुंदर येतो, पेशंटला काय फरक पडला?

टिळकवाडी_लॅब: तो पुरावा कच्चा आहे, हे तुम्हाला देऊन टाकतो, जावा. पण करायचीच तर नीट करा. दोन-तीन डोस झाल्यावर, इंजेक्शननंतर ४ तासांनी सँपल. दिवसातून दोनदावाल्याला ०.६ ते १.०, आणि एकदाच मोठा डोस घेणाऱ्याला १ ते २. इंजेक्शनच्या आधी काढून ०.३ आला म्हणून घाबरणारे मी बघितलेत. वहिनी, ४ तासांचं तेवढं तुमच्या डॉक्टरांना विचारा, डोसला हात लावू नका.

चंदगडची_सून: बरं. सासूबाईंना हे कसं सांगू ते पण सांगा कुणीतरी.

निपाणी_मेडिकलवाला: म्हणजे सगळ्यांची अँटी-टेन-ए करा, असंच ना शेवटी? आमच्याकडं मशीन नाही हो!

टिळकवाडी_लॅब: तसं कुठं म्हणालो? एपीटीटीच चालवा, पण ते "दीड ते अडीच पट" सोडा. प्रत्येक रिजंटची, म्हणजे टेस्टच्या रसायनाची, हेपॅरिनला संवेदना वेगळी. हेपॅरिनवरच्या पेशंटांची सँपलं घेऊन एपीटीटी आणि अँटी-टेन-ए शेजारी शेजारी मांडायच्या, ०.३ ते ०.७ ला तुमच्या रिजंटवर किती सेकंद येतात ते काढायचं, लॉट बदलला की परत तपासायचं. एखाद्या रिजंटवर दीड पट आलं तरी हेपॅरिन ०.२ च असतं. तुमच्या लॅबनं हे कधी केलंय का, विचारून बघा.

निपाणी_मेडिकलवाला: विचारतो. हसतील मला.

गोवावेस_सिस्टर: माझा एक प्रश्न राहिला. गेल्या महिन्यात एक काका घरून अपिक्साबॅनवर, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळीवर आलेले, हेपॅरिन लावलं, अँटी-टेन-ए आभाळाला भिडलेली. ड्रिप बंद करायला लावली. ते बरोबर होतं का?

टिळकवाडी_लॅब: अपिक्साबॅन पण टेन-ए लाच धरतं, टेस्टला दोघांत फरक कळत नाही. शेवटची गोळी कधी घेतली ते कुणी विचारलं होतं का? दोन-तीन दिवस, किडनी अधू असेल तर त्याहून जास्त, तो आकडा हेपॅरिनचा म्हणून वाचायचाच नाही. अशा पेशंटला एपीटीटीवर चालवा, अपिक्साबॅन तिला फारसं हलवत नाही.

निपाणी_मेडिकलवाला: एक मिनिट. म्हणजे इथं आमचीच एपीटीटी लागली?

टिळकवाडी_लॅब: इथं, हो.

निपाणी_मेडिकलवाला: स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

गोवावेस_सिस्टर: गोळी कधी घेतली ते केसपेपरवर नव्हतंच. काकूंना विचारायला पाहिजे होतं.