मदत हवी आहे: आरबी-१ पेशीत अप्रभावी, मग वंशावळीत प्रभावी कसं?

सायली_के: एमएस्सीच्या सेमिनारला रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनाचा कर्करोग, घेतलाय. रास जनुकाची एक प्रत बिघडली तरी पेशीला वाढीचा जोर मिळतो. पेशीची वाढ रोखणाऱ्या आरबी-१ जनुकाच्या मात्र दोन्ही प्रती जाव्या लागतात. मग वारशाने एकच बिघडलेली प्रत आलेल्या मुलांना बहुतेकदा गाठ होतेच, असं का? वंशावळीत तर रोग बापाकडून मुलांकडे सरळ उतरतो.

चिंतू: सोपं आहे. बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीला दाबून टाकते.

निशाचर: चिंतू, तसं वर्णन रासला शोभतं. तिथे बाराव्या जागेसारख्या मोजक्याच ठिकाणी बदल झाला की प्रथिन चालूच राहतं, आणि शेजारची चांगली प्रत त्याला थांबवू शकत नाही. आरबी-१ कुठेही मोडलं तरी निकामी होतं, पण चांगली प्रत काम निभावून नेते. ती दबत असती तर अख्खा रेटिनाच गाठ झाला असता, कारण बिघडलेली प्रत त्या मुलाच्या प्रत्येक पेशीत असते. प्रत्यक्षात गाठी होतात मोजक्या.

सायली, उत्तर पेशींच्या संख्येत आहे. एका पेशीत दुसरी प्रत जाण्याची शक्यता अगदी नगण्य, पण वाढत्या रेटिनात अशा पेशी लाखोंनी असतात. कुठेतरी एकीत ती जातेच. नडसन यांनी १९७१ साली ४८ रुग्णांच्या नोंदींवरून हिशोब मांडला, तेव्हा वारसा असलेल्या मुलामागे सरासरी ३ गाठी आल्या. सरासरी ३ असेल तर एकही गाठ न होण्याची शक्यता e⁻³, म्हणजे सुमारे ५ टक्के. म्हणून काही घरांत एखादी पिढी सुटते. वारसा नसेल तर दोन्ही फटके एकाच पेशीच्या वंशात बसावे लागतात. म्हणून ती गाठ एकाच डोळ्यात आणि सहसा उशिरा.

मीनल_ताई: मध्येच विचारते. भाचीच्या एकाच डोळ्यात गाठ निघाली, घराण्यात कुणालाच नव्हती. तरी डॉक्टर रक्ताची जनुक तपासणी सांगतायत. उगाच खर्च ना?

निशाचर: नाही हो ताई, करून घ्या. एकाच डोळ्यात गाठ असलेल्यांपैकीही सुमारे १५ टक्के मुलांत पहिला बिघाड जन्मजात असतो. तसा निघाला तर दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवावं लागतं, भावंडांचीही तपासणी होते. शक्य असेल तर आधी गाठीच्या तुकड्यात बिघाड शोधतात आणि नेमका तोच रक्तात बघतात. मात्र तो शरीरातल्या थोड्याच पेशींत असेल तर रक्तात निसटू शकतो. पुढचं डॉक्टरांशीच बोला.

सायली_के: हिशोब पटला. पण एका लेखात दिसलं की अगदी लहान बाळांच्या काही गाठींत आरबी-१ च्या दोन्ही प्रती शाबूत, आणि एमवायसीएन जनुकाच्या मात्र ढिगाने प्रती?

निशाचर: हो, एका डोळ्यातल्या गाठींपैकी २ टक्क्यांहूनही कमी. ऑन्कोजीनच्या, म्हणजे राससारख्या वाढीचा जोर देणाऱ्या जनुकाच्या, बळावर झालेल्या गाठी.

चिंतू: मग त्यांना रेटिनोब्लास्टोमा तरी का म्हणायचं?

निशाचर: सूक्ष्मदर्शकाखालीही त्या जरा वेगळ्या दिसतात. मी वेगळा रोग मानेन, पण सगळे मानत नाहीत.