दोन एकराला जाळी 1200 फूट की 1584 फूट? खांब, काटेरी तार धरून हिशोब कुणी बघून देईल का

संत्रावाला:
नमस्कार मंडळी. वाशीम जिल्ह्यात 2 एकराचं वावर आहे, जमीन भारी काळी. यंदा संत्र्याची कलमं लावलीत आणि रानडुकरं रात्री येऊन खोडाजवळ उकरून जातात. जाळीचं कुंपण करायचं ठरवलंय. दोघांकडून अंदाज घेतला. पहिला म्हणतो 1200 फूट जाळी, 120 खांब. दुसरा म्हणतो 1584 फूट, 159 खांब आणि वर 34 टेके. दुसऱ्याचा आकडा बघून घरचे म्हणतात हा लुटतोय. वावर लांबट आहे, रुंदी 132 फूट, लांबी 660. रस्त्याच्या बाजूला मधोमध 12 फुटी गेट. जाळी 5 फुटी. काटेरी तारेच्या वरून 2 लाईन टाकू की 3?

बांधकरी:
पहिल्याचं बरोबर आहे. 2 एकर म्हणजे 87,120 चौरस फूट. त्याचं वर्गमूळ 295, चार बाजूंचे झाले 1180. दर 10 फुटांवर खांब धरला तर 118, दोन जास्तीचे. दुसरा 400 फूट फुकटचे लावतोय. आणि डुक्कर सहसा वरून येत नाही भाऊ, वरच्या काटेरी तारेवर पैसे घालू नका. एक लाईन जमिनीलगत मारा.

तारकाम:
बांधकरी भाऊंची शेवटची ओळ सोन्यासारखी आहे, पण आधीचा हिशोब चौरस वावराचा आहे. यांचं वावर पट्टा आहे. 132 आणि 660 ची बेरीज 792, दुप्पट 1584. क्षेत्र तेवढंच, फक्त पट्ट्याला कुंपण जास्त लागतं. सातबारा बघून कुंपणाचा अंदाज देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, धुऱ्यावर टेप धरून चालणाऱ्यावर ठेवा. पहिल्याला काम दिलं असतं तर जाळी साधारण 400 फूट कमी पडली असती आणि 50 फुटांची ती 8 बंडलं तुम्हाला अर्ध्या कामात, तो सांगेल त्या दराने घ्यावी लागली असती.

आता खांब. लांब बाजूला 660 फुटांत 66 गाळे, दोन बाजूंचे 132. मागची बाजू 132 फूट, तिथे 14 गाळे करा, प्रत्येक साडेनऊ फुटांच्या आसपास येईल. पुढे गेटचे 12 वजा केले की 120 उरतात, गेटच्या दोन्ही अंगाला 6-6 गाळे. गेटचा एक गाळा मिळवून एकूण 159. कुंपण गोल फिरून जुळतं तेव्हा जितके गाळे तितकेच खांब. दुसऱ्या माणसाने नीट मोजलंय.

34 टेके पण बरोबर वाटतात. चार कोपऱ्यांना 2-2, गेटच्या दोन खांबांना 1-1, आणि लांब बाजूंना दर 100 फुटांवर एका खांबाला दोन्हीकडून. टेके कमी करून पैसे वाचवू नका. जाळी ओढली की सगळा ताण कोपऱ्यावर येतो.

सातपुड्याचा:
माझं पण असंच झालं होतं. आमच्याकडे माकडं आहेत, जाळीवरून चढून येतात. मग मी झटका मशीन लावलं. तुम्ही सोलर झटका का नाही लावत? आणि शेजाऱ्याने धुरा कोरला असेल तर काय करायचं? माझा 3 फूट गेलाय.

तारकाम:
सातपुडा भाऊ, झटक्याचा वेगळा धागा काढा, इथे विषय जाळीचा आहे. मशीनचा ठोका चालतो, पण घरच्या लाईटची तार कुंपणाला कुणी जोडू नका, त्यात माणसं गेली आहेत. धुऱ्याचं मात्र सगळ्यांना लागू आहे. वाद असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, मग खड्डे खणा. काँक्रीटमध्ये बसलेला खांब परत काढणं म्हणजे खांब फुटणं.

काळ्या मातीबद्दल थोडं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खांब डोलतो. म्हणून 2 फुटांऐवजी अडीच फूट गाडा. इथेच तुमचा काटेरी तारेचा प्रश्न सुटतो. 8 फुटी खांब अडीच फूट आत गेला की वर साडेपाच राहतो. 5 फूट जाळी, 6 इंचांवर एकच काटेरी लाईन. वर 2 लाईन हव्या असतील तर 9 फुटी खांब मागा. डुकरासाठी खालची लाईन जमिनीपासून 2 इंचांवर घ्या आणि दोन खांबांच्या मध्ये खुंटीने जमिनीला खिळवा, नाहीतर तार उचलून तोंड घालतं. वर 1 आणि खाली 1 मिळून गेट सोडून 3144 फूट होतात, गाठींसाठी 3300 धरा. दुकानदार तार किलोवर देतो, तेव्हा 10 फूट तोडून वजन करा आणि फुटाचे किलो तिथेच काढा.

बांधकरी:
पट्ट्याचं लक्षात आलं नाही, माझी चूक. पण रोही आलं तर? आमच्याकडे रोही साडेपाच फूट सहज टापतं.

संत्रावाला:
रोही आमच्याकडे कधीकधी दिसतं. आज पहिल्याकडे जाऊन आलो, नमुना बंडल बघितलं. 50 फुटांचं, 5 फुटी, 3 बाय 3 ची जाळी, 10 गेज म्हणाला. तिथल्या काट्यावर टाकलं तर 27 किलो भरलं. हे ठीक आहे का?

तारकाम:
27 किलो म्हणजे ती 12 गेज आहे. 10 गेजची तार सव्वातीन मिलिमीटर असते, तेवढं बंडल 40 किलोच्या आसपास भरतं. 12 गेज डुक्कर अडवेल, पण रेटारेटी झाली तर पोट काढते. घ्यायचीच असेल तर 12 गेजच्या भावात घ्या. तुम्हाला लागेल 1572 फूट, म्हणजे 32 बंडलं. फरक किलोत मोठा होतो.

आणखी एक. बंडल उलगडून ओढताना जाळीचे खण उभट किंवा आडवट होऊ देऊ नका. जास्त ओढली की लांबी वाढते आणि उंची 5 वरून पावणेपाचावर येते. काही जण मुद्दाम असं ओढून बंडलं वाचवतात आणि तुमच्या बिलात 32 च दाखवतात. लावून झाल्यावर टेप उभा धरा, लगेच कळतं.

कोपऱ्याचे खांब, गेटचे आणि टेके काँक्रीटमध्येच. मग 7 दिवस जाळीला हात लावू नका. मी पहिल्या वर्षी घाईत दुसऱ्याच दिवशी जाळी ओढली होती, सकाळी बघतो तर चारही कोपरे आत झुकलेले. परत खणलं.

संत्रावाला:
मग दुसऱ्यालाच काम देतो. एक राहिलं. मागच्या बाजूने ओढा जातो, पावसाळ्यात 2 फूट पाणी येतं. तिथे जाळी तशीच लावू का?

तारकाम:
नाही. काडीकचरा जाळीत अडकतो, पाणी तुंबतं आणि 3-4 खांब एकदम उपटतात. त्या गाळ्यात जाळी खालून मोकळी ठेवा, म्हणजे पाण्याने उचलली तर उचलू द्या, पावसाळा गेला की पुन्हा बांधा. रोहीसाठी 9 फुटी खांब घ्यायचे का, ते तुम्ही ठरवा. 159 खांबांवर फुटाचा फरक बराच पडतो.

बांधकरी:
ओढ्याच्या तेवढ्या भागात तरी 9 फुटी लावा की, रोही तिथूनच येत असणार.

संत्रावाला:
तिथले पायाचे ठसे उद्या सकाळी बघतो, मग सांगतो.