एका हाताचा बॅकहँड: ‘अंगवळण’, ‘ताणणे’ आणि ‘उंच चेंडू’ हे शब्द बसतात का?

लातूरकर: आमच्याकडं टेनिस शिकायला येणारी बहुतेक पोरं मराठी शाळेतली आहेत. एका हाताच्या बॅकहँडसाठी त्यांना मराठीत सूचनांचा तक्ता लिहून द्यायलोय. युनिट टर्नला ‘अंगवळण’, एक्सटेन्शनला ‘हात ताणणे’ आणि हाय बॉलला ‘उंच चेंडू’ लिहिलंय. तक्ता वाचून तेरा वर्षांच्या एका मुलीनं कोपर एवढं आवळलं की रॅकेट दांडक्यासारखी फिरायला लागली. चूक शब्दाची आहे का माझी, ते कळंना.

बीडच्या बाई: ‘अंगवळण’ गोड आहे, पण ‘अंगवळणी पडणे’ म्हणजे सवय होणे. पोरं तोच अर्थ घेतील. साधं ‘अंग वळव’ लिहा. सूचना क्रियापदातच शोभते.

परभणीकर: उंच चेंडू आला तर सरळ डोक्यावरून स्मॅश मारावा की! बॅकहँड कशाला? मला तर लॉब आला की मागं पळतानाच दम लागतो.

बीडच्या बाई: बघा, इथंच शब्द फसला. त्यांना लॉब म्हणायचाच नाही. टप्पा पडून खांद्यापर्यंत उसळणारा चेंडू म्हणायचाय. क्रिकेटमधली ‘उसळी’ घ्या: ‘उसळलेला चेंडू’.

संभाजीनगरचा कोच: बाईंचं बरोबर आहे. आता आधी ‘अंग वळव’. पोरं एकटा हात मागं नेतात आणि छाती जाळीकडंच ठेवतात. मी सांगतो, डाव्या हातानं रॅकेटचा गळा धर आणि त्याच हातानं रॅकेट मागं ने. मग खांदे आणि कंबर आपोआप सोबत येतात, आणि उजव्या हाताला पकड बदलायला सवड मिळते. उजवा खांदा हनुवटीखाली आला आणि समोरच्याला तुमची थोडी पाठ दिसली, की वळण पुरं झालं. चेंडू जाळी ओलांडायच्या आत हे व्हायला पाहिजे. एवढं उशिरा झालं तर पुढचं काहीच सुधारत नाही.

नांदेडचा पोरगा: कोपर सरळच पाहिजे ना सर? वावरिंकाचा हात बघा, सरळ असतो. अन् उसळलेल्या चेंडूला खांद्यात ताकद पाहिजे. मी डंबेल सुरू केलेत.

संभाजीनगरचा कोच: अर्धं बरोबर. चेंडू लागतो त्या क्षणी कोपर सरळ असतं, ते खरं. पण हात सैल ठेवून तो सरळ होऊ द्यायचा असतो, आवळून ठेवायचा नसतो. ‘ताण’ म्हटलं की पोरं आवळतात. लातूरकरांच्या मुलीचं तेच झालं.

शिवाय एक्सटेन्शनमध्ये दोन गोष्टी येतात. एक, चेंडू पुढच्या पायाच्याही पुढं गाठणं. दुसरी, चेंडू लागल्यावर रॅकेट लगेच खांद्याकडं न ओढता जिकडं मारायचंय तिकडं जाऊ देणं. त्या वेळी डावा हात मागं जातो. तो पुढं आला की छाती उघडते आणि चेंडू भलतीकडंच जातो.

लातूरकर: ही मुलगी कमरेच्या उंचीचा चेंडू छान मारते. खांद्यावर आला की मात्र आखूड टाकते नाहीतर बाहेर उडवते. हे का?

संभाजीनगरचा कोच: कमरेच्या उंचीला पाय, पाठ आणि खांदा मिळून हाताला पुढं ढकलतात. खांद्याच्या वर तेच काम खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंवर पडतं. हात आधीच वर असतो, त्यामुळं रॅकेट चेंडूच्या खाली नेऊन वर घासायला जागा उरत नाही. मनगट मोडतं, रॅकेटचं तोंड आभाळाकडं होतं आणि चेंडू उडतो. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये डावा हात मागून रेटतो, म्हणून तिथं एवढं अडत नाही. नुसत्या डंबेलनं हे सुटत नाही, कारण भूमितीच वाईट आहे.

डावखुऱ्या नदालनं फ्रेंच ओपनच्या लाल मातीवर असेच उसळणारे चेंडू फेडररच्या एका हाताच्या बॅकहँडवर वर्षानुवर्षं टाकले. 2017 च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररनं चेंडू चढत असतानाच, कमी उंचीवर गाठला आणि सपाट मारला. त्याची रॅकेटही आधीपेक्षा मोठी होती. आपल्याकडं मे महिन्यात चेंडू तापून जास्त उसळतो, तेव्हा पोरांना हे हमखास नडतं. तिला दोन-तीन पावलं मागं जाऊन चेंडू खाली येऊ द्यायला शिकवा. वेळ नसेल तर स्लाइस. चढता चेंडू गाठणं नंतर, कारण त्याला वळण फार लवकर लागतं.

नांदेडचा पोरगा: मागं गेलं की समोरचा ड्रॉप टाकतो.

संभाजीनगरचा कोच: टाकतो खरा. ती किंमत आहेच.

लातूरकर: आज ‘ताण’ खोडून ‘रॅकेट पुढं पोचव’ म्हटलं. मुलीनं विचारलं, “कुठपर्यंत?” समोरच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली ठेवली आणि म्हटलं, तिच्याकडं पोचव. चौथ्या-पाचव्या चेंडूला कोपर सैल झालं, डावा हातही मागं राहिला. तक्त्यात ‘पोचवणे’ लिहू का?

बीडच्या बाई: लिहा. पण ‘हाताची पोच’ म्हणजे हात जिथवर पुरतो ती हद्द. एखादं पोर चेंडू लांब असतानाच हात लांबवून झेपावेल. मला ‘जाऊ दे’ जास्त बरोबर वाटतं.

संभाजीनगरचा कोच: ‘जाऊ दे’ म्हटलं तर माझी पोरं चेंडूच सोडून देतील बाई.