मदत हवी आहे: टोपलीच्या व्हिडिओखालचं कॅप्शन

नमस्कार ताई-दादांनो. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात काकू बांबूच्या टोपल्या विणतात आणि मी त्या इन्स्टाग्रामवर विकतो. टोपली कशी बनते त्याचा छोटा व्हिडिओ तयार आहे: ओला बांबू फोडणं, कामट्या तासणं, मग बूड विणणं. आवाज नाही, म्हणून सगळी भिस्त कॅप्शनवर आहे. आधी सगळी कृती लिहून पाहिली, पण 'आणखी' दाबल्याशिवाय पहिली ओळच दिसते आणि तिथे नुसतं 'बांबू फोडला' येत होतं. आता असं लिहिलंय:

"काकू कामटी बोटावर वाकवून बघतात. तडकली तर बाजूला. म्हणून तुमच्या टोपलीच्या काठाला बांबूच्या सालीकडची चिवट कामटीच येते, पोटाकडची ठिसूळ नाही. टोपली ओली वाटली तर सावलीत वाळवा, नाहीतर बुरशी धरते."

बहुतेक गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं. किंमत मेसेजमध्ये सांगतो, ती कॅप्शनमध्ये नको. गरिबीची कहाणीही नको, कारण काकूंना ते अजिबात आवडत नाही. विणतात काकू, पाठवतो मी, म्हणून 'मी बनवली' म्हणणं खोटं होईल.

बुरशीची ओळ इथेच ठेवू की टोपलीसोबतच्या चिठ्ठीत टाकू? आणि पहिल्या ओळीत काकू असाव्यात की टोपली?