तोंडी परीक्षेला उशीर झाला तर गैरहजर: हा नियम खेड्यातल्या पोरांवर अन्याय आहे का?

विचारणारी (घाटंजीकडची): बहीण बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेचं वेळापत्रक लागलंय. पहिली बॅच १० ते १२, दुसरी १२.३० ते २.३०, प्रत्येकीत १२ जण, एकाला १० मिनिटं. बहिणीचा नंबर तिसरा, म्हणजे १०.२०. खाली लिहिलंय: अर्धा तास आधी हजर राहावे, १० मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाल्यास गैरहजर समजण्यात येईल. आमच्या गावची पहिली एसटीच १०.२० ला पोचते, पुढे १० मिनिटं पायी. हे बरोबर आहे का?

शिस्तवाला मास्तर: बरोबर आहे. वेळापत्रक आधी लावतात ते कशासाठी? माझ्याकडे याहून लांबच्या गावची मुलं आदल्या दिवशी मैत्रिणीकडे, आत्याकडे मुक्कामाला येतात. त्यांनी सोय करायची आणि बाकीच्यांना सूट द्यायची, हा त्यांच्यावर अन्याय नाही का? शिवाय उशिरा येणाऱ्याला बाहेर आलेल्यांकडून प्रश्न कळतात.

पोट्ट्याचा बाप: काहून जी, सारेच आत्याकडे राहू शकतात का? वेचणीच्या दिवसात घरात माणूस नसते. पोट्टी सकाळी डबा करूनच निघते. एसटी बंद पडली तर तिनं काय करावं?

बारावीचा पालक: एवढं घाबरू नका. बोर्डात प्रॅक्टिकल चुकलं तर नंतर ‘आउट ऑफ टर्न’ घेतात. माझ्या मुलाचं तसंच झालं होतं. इथेही अर्ज दिला की होईल.

निवृत्त प्राध्यापक: ती सोय बोर्डाची आहे, पदवीच्या परीक्षेला ती गृहीत धरू नका. इथे बाहेरचा परीक्षक दुसऱ्या कॉलेजातून एका दिवसासाठी येतो आणि संध्याकाळी परत जातो. त्याला पुन्हा बोलावणं विभागाच्या हातात नसतं.

आता मूळ गोष्ट. १०.२० ही वेळ कागदावरची असते. पहिल्या तीन-चार मुलांना परीक्षक जास्त वेळ विचारतो, कारण तोही अंदाज घेत असतो. मग गाडी २० मिनिटं मागे पडते, आणि शेवटच्यांना भराभर उरकतात. म्हणून प्रत्यक्षात उशीर मोजतात तो नाव पुकारल्यावर. पुकारल्यावर नसेल तर पुढचा आत, आणि राहिलेला बॅचच्या शेवटी, अशी पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

खरी शेवटची वेळ वेगळीच आहे. गुणपत्रकावर आतला आणि बाहेरचा परीक्षक दोघं सही करतात. सही होईपर्यंत रिकामी राहिलेली जागा भरता येते. सही झाल्यावर, गुण वर गेल्यावर, कोणाचं चालत नाही. वेळापत्रकात लिहायला हवं ते हेच, ‘१० मिनिटं’ नव्हे.

शिस्तवाला मास्तर: सर, पण मग वेळेवर येणाराच मूर्ख ठरतो. आणि प्रश्न फुटण्याचं काय?

निवृत्त प्राध्यापक: सगळ्यांना तोच प्रयोग असेल तर तुमचं म्हणणं खरं, तिथे मी कडक राहीन. प्रोजेक्टच्या तोंडीला प्रश्न त्या मुलीच्याच कामावर असतात: हा नमुना कुठून घेतला, हा आकडा असा का आला. शेजारणीला विचारलेलं ऐकून तिला काय मिळणार?

आणि सूट मागायची तर उशीर होण्याआधी मागावी. दुसऱ्या बॅचमधली, तालुक्याच्या गावातच राहणारी कोणी राजी असेल तर दोघींनी सही करून आदल्या दिवशीच विभागप्रमुखांना अर्ज द्यावा: आमचे नंबर बदलून द्या. बहिणीला १२.३० नंतरचा नंबर मिळाला की एसटीचा प्रश्नच उरत नाही. बाहेरच्या परीक्षकाला यादी हातात पडण्याआधी बदललेली असली की त्यालाही फरक पडत नाही. नंतर बदललं तर मात्र त्याची संमती लागते, ती मिळेलच असं नाही.

पोट्ट्याचा बाप: अन् त्या दिवशीच एसटी बंद पडली तर?

निवृत्त प्राध्यापक: स्टँडवरूनच विभागात फोन करायचा आणि हजेरीपत्रकावर तशी नोंद करून घ्यायला सांगायचं. एसटीचं तिकीट जपून ठेवायचं, यंत्रातून निघालेल्या तिकिटावर तारीख-वेळ छापलेली असते. हमी नाही, पण ‘झोपून राहिली’ असं कोणी म्हणू शकत नाही.

एक आई: माझ्या मुलीच्या जर्नलवर सही नव्हती म्हणून बाहेर बसवलं होतं. हा पण उशीरच का?

शिस्तवाला मास्तर: ताई, तो विषय वेगळा, सही आधीच घ्यायची असते. नंबर बदलायचा मार्ग मला पटतो, कारण त्यात मुलीनं आधी हालचाल केली. पण सहीपर्यंत थांबायचं हा नियम कागदावर आला तर निम्मी मुलं ११.३० लाच येतील, हे मी आजही म्हणतो.

विचारणारी: बहिणीनं एका मैत्रिणीला विचारलं, ती हो म्हणाली. अर्ज उद्या देतोय. विभागप्रमुख सुट्टीवर असले तर कोणाकडे द्यायचा?

निवृत्त प्राध्यापक: आतल्या परीक्षकाकडे. पण पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.